ऑपरेशनआधी दारू, पुडी, काढा आणि गांजा : भूलतज्ज्ञांना नेमकं काय आणि किती सांगायचं?

प्रश्न : बाबांचं (वय ५९) हर्नियाचं ऑपरेशन दोन आठवड्यांनी ठरलंय. बीपीची गोळी चालू आहे. गेली पंधराएक वर्षं ते रोज रात्री क्वार्टर घेतात. गुडघ्यांसाठी एकाकडून आणलेली पुडी आणि सकाळी घरचा काढाही असतो. भूलतज्ज्ञांनी "काही व्यसन?" विचारलं तेव्हा आईने पटकन "नाही हो" सांगून टाकलं. बाबा म्हणतात, आदल्या दिवशी नाही घेतली की झालं, आणि भूल तर कमरेखालीच देणार आहेत. पुढच्या महिन्यात माझंही नाकाचं हाड सरळ करायचं ऑपरेशन आहे आणि मी अधूनमधून गांजा ओढतो. हे सगळं खरंच सांगायला हवं का? विमा, पोलीस वगैरे काही भानगड होईल का?

उत्तर :

मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे तुमच्या आईने दिलेलं उत्तर माझ्या रोजच्या ऐकण्यातलं आहे. नवऱ्याच्या दारूबद्दल परक्या माणसासमोर, तेही मुलगा शेजारी बसलेला असताना बोलणं सोपं नसतं. पण बाबांच्या बाबतीत सगळ्यात धोक्याची गोष्ट दारू ही नाही. "आदल्या दिवशी नाही घेतली की झालं" हा त्यांचा बेत जास्त धोक्याचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

क्वार्टर म्हणजे १८० मिली. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे रोज साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. अल्कोहोल मेंदूला मंद करतं. वर्षानुवर्षं रोज तेच होत राहिलं की मेंदू त्याविरुद्ध आपली उत्तेजना वाढवून ठेवतो, म्हणूनच अशी माणसं क्वार्टर घेऊनही शुद्धीत, सरळ चालताना दिसतात. दाराला एक जण बाहेरून रेटा देतोय आणि दुसरा आतून तितक्याच जोराने रेटून धरतोय, असं समजा. बाहेरच्याने अचानक अंग काढून घेतलं तर आतला तोंडावर पडणार. दारू एकदम बंद झाली की मेंदूचं तसंच होतं. वाढवून ठेवलेली उत्तेजना मोकाट सुटते.

याचं वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेलं आहे. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणं, घाम, धडधड, बेचैनी, झोप न येणं सुरू होतं. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. आणि थोड्या जणांना, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, पूर्ण भ्रम होतो. नसलेल्या गोष्टी दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो, बीपी आणि नाडी हाताबाहेर जाते. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेत ओळखलं नाही तर यात माणूस दगावू शकतो.

आता हे वेळापत्रक ऑपरेशनच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. आदल्या संध्याकाळी दारू बंद, सकाळी ऑपरेशन. म्हणजे थरथर टेबलावर, फिटची वेळ वॉर्डातल्या पहिल्या रात्री आणि भ्रमाची वेळ तेव्हा, जेव्हा डॉक्टर टाके बघून घरी सोडायच्या बेतात असतात. भूल कमरेखाली दिली काय किंवा पूर्ण दिली काय, यात काहीच फरक पडत नाही. कारण हे भुलीमुळे होतच नाही, दारू थांबल्यामुळे होतं.

असा एक रुग्ण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. साठीच्या आसपासचे दुकानदार, उजव्या बाजूचा हर्निया, जाळी बसवायचं साधं ऑपरेशन. फॉर्मवर व्यसनासमोर "कधीतरी, लग्नकार्यात" असं लिहिलेलं. प्रत्यक्षात रोजची क्वार्टर होती आणि रविवारी संध्याकाळी सातला, अॅडमिट व्हायला निघण्यापूर्वी, त्यांनी "शेवटची" म्हणून घेतली होती.

सोमवारी अकराला टेबलावर घेतलं तेव्हा नाडी १०४ आणि हात किंचित थरथरत होते. ऑपरेशनला घाबरलेल्या माणसाचंही अगदी असंच असतं, म्हणून भीती कमी व्हायला मिडाझोलामचं इंजेक्शन दिलं गेलं. आता गंमत अशी की दारू सुटण्याच्या त्रासावर जी औषधं देतात त्याच कुळातलं हे औषध आहे. थरथर थांबली, सगळ्यांना बरं वाटलं, आणि खरी खूण काही तासांसाठी झाकली गेली. संध्याकाळी औषधाचा अंमल उतरला तसा दरदरून घाम, नाडी १२०, बीपी १७०/१००. जखम दुखत असेल म्हणून ट्रामाडोल दिलं. इतर रुग्णासाठी हा निर्णय चुकीचा नव्हता, पण ट्रामाडोल फिट येण्याची शक्यता वाढवतं आणि इथे मेंदू आधीच कडेलोटावर होता. रात्री दोनच्या सुमाराला फिट आली. लगेच मेंदूचा सीटी स्कॅन, सोडियम, साखर, सगळं झालं. सगळं ठीक. फिटनंतर डॉक्टरांनी दारूबद्दल पुन्हा विचारलं, तेव्हाही घरच्यांनी नाहीच म्हटलं. बुधवारी रात्री काका भिंतीवरचे मुंग्यांचे थवे झटकायला लागले, सलाईन उपसली आणि दुकान उघडायला निघाले. त्या धडपडीत जखमेत रक्त साकळलं.

मेहुणा आला आणि त्याने कॉरिडॉरमध्ये दबक्या आवाजात खरं सांगितलं. त्यानंतर उपचार अवघड नव्हते. लोराझेपाम ठरावीक अंतराने, शिरेतून थायमिन, आयसीयूमध्ये देखरेख. काका बरे होऊन घरी गेले, पण दोन दिवसांचं काम आठवड्याच्या वर गेलं.

मेहुण्याचं वाक्य रविवारी मिळालं असतं तर काय वेगळं झालं असतं, हे मुद्दाम सांगतो. कारण लोकांना वाटतं की खरं सांगितलं की डॉक्टर चिडणार किंवा ऑपरेशनला नकार देणार. सगळ्यात आधी रक्ततपासणीत लिव्हर, प्लेटलेट्स, रक्त गोठण्याची वेळ, सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम बघितलं असतं. बाबांना पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालची भूल देणार आहेत म्हणून यातल्या प्लेटलेट्स आणि रक्त गोठणं फार महत्त्वाचं. दारूने लिव्हर खराब झालेल्या माणसात दोन्ही बिघडलेलं असू शकतं, आणि तशात मणक्याच्या पोकळीत रक्तस्राव झाला तर गाठ मज्जारज्जूला दाबते. हे क्वचित होतं, पण झालं तर पाय लुळे पडू शकतात. दुसरं, थायमिन म्हणजे जीवनसत्त्व ब-१ आधीच सुरू केलं असतं. रोज पिणाऱ्यांच्या शरीरात ते कमी असतं, आणि अशा माणसाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तिसरं, लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साईडचं वेळापत्रक पहिल्या दिवसापासून लावलं असतं आणि नर्सने दर काही तासांनी थरथर, घाम, नाडी यांची नोंद ठेवली असती. चौथं, वेदनाशामकं बदलली असती. ट्रामाडोल टाळलं असतं आणि पॅरासिटामॉलचा डोस कमी ठेवला असता. रोज पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये पॅरासिटामॉलपासून तयार होणारा विषारी भाग जास्त बनतो आणि त्याला निकामी करणारा साठा कमी असतो, म्हणून इतरांना चालणारी दिवसाची चार ग्रॅमची मर्यादा त्यांच्यासाठी साधारण दोनवर आणतात.

त्यामुळे आता हातात असलेल्या दोन आठवड्यांचा उपयोग करा. भूलपूर्व तपासणी झाली त्याच ओपीडीत परत जा आणि सांगा की आधी दिलेली माहिती अपुरी होती. कोणीही भुवया उंचावणार नाही, आम्हाला याची सवय आहे. "सोशल ड्रिंकिंग" किंवा "थोडी" या शब्दांचा आम्हाला काही उपयोग होत नाही. काय पितात, किती मिली, किती वर्षं, आणि शेवटची कधी घेतली, एवढं हवं. आणखी दोन गोष्टी विचारल्या नाहीत तरी सांगा. सकाळी हात थरथरतात का आणि त्यासाठी उतारा घ्यावा लागतो का? पूर्वी कधी दारू सोडताना फिट आली किंवा भ्रम झाला होता का? पूर्वी झालं असेल तर पुन्हा होण्याची शक्यता जास्त, आणि मग दारू सोडवायची ती दवाखान्यातच. घरी, स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. आधी सांगा, मग ते ज्या पद्धतीने म्हणतील तशी सोडा. ऑपरेशनआधी चार आठवडे दारूशिवाय गेले तर जखम भरणं, संसर्ग, रक्तस्राव या सगळ्यातच फायदा होतो. हर्निया अडकलेला नसेल तर तारीख थोडी पुढे ढकलण्यात नुकसान नाही, हे सर्जनही मान्य करतील.

आईला एकदा बाजूला घेऊन आणखी एक विचारा : बाबांना न सांगता जेवणात किंवा चहात दारू सोडवायची पूड घालत नाहीत ना? हे अनेक घरांत चालतं. त्या पुडीत काय आहे हे पाकिटावर लिहिलेलं असतंच असं नाही, पण डायसल्फिराम असेल तर गोष्टी गंभीर होतात. भुलीत बीपी घसरू शकतं, आणि ऑपरेशननंतर पोटासाठी सर्रास दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल त्यासोबत गेलं तर माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो. ज्याला पाजलं जातंय त्यालाच माहीत नसल्याने ही माहिती रुग्णाकडून मिळणं अशक्य, ती फक्त आईच देऊ शकते. बाबांसमोर बोलायचं नसेल तर त्यांनी फोन करावा किंवा चिठ्ठी द्यावी. डॉक्टरांना तेवढं पुरतं.

आता गुडघ्यांची पुडी. खरं सांगायचं तर दारूखालोखाल मला हिचीच काळजी वाटते. ज्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत आणि जिने दोन-तीन दिवसांत जादूसारखा आराम पडतो, तिच्यात स्टेरॉइड किंवा तगडं वेदनाशामक मिसळलेलं असण्याची शक्यता मी कायम धरतो. याचा अर्थ प्रत्येक वैद्य भेसळ करतो असा नाही. पदवीधर वैद्य औषधाचं नाव लिहून देतात, आणि तसं नाव असेल तर प्रश्न बराच सोपा होतो. बिनानावाच्या पुडीचं तसं नसतं.

स्टेरॉइड बाहेरून मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनवणं कमी करतात. प्रेडनिसोलोनसारखं औषध दिवसाला ५ मिलिग्रॅम या हिशेबाने महिनाभर गेलं तरी हे होऊ शकतं. ऑपरेशनच्या ताणात शरीराला जास्त कॉर्टिसॉल लागतं, ग्रंथी ते देऊ शकत नाहीत, आणि बीपी असं पडतं की नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. आम्हाला पुडीबद्दल माहीत असेल तर उपाय साधा आहे : भूल देताना हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि पुढे गरजेप्रमाणे. माहीत नसेल तर त्या वेळी आम्ही रक्तस्राव, हृदय, अॅलर्जी अशी कारणं शोधत बसतो.

बाबांचा चेहरा गेल्या काही महिन्यांत गोल, फुगीर झालाय का, हातापायांवर जरा लागलं तरी काळेनिळे डाग पडतात का, साखर नव्याने वाढलीय का, हे बघा. असं काही असेल तर सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसॉल तपासता येतं. आणि कृपा करून "डॉक्टर रागावतील" म्हणून पुडी आजपासून बंद करू नका. स्टेरॉइड एकदम थांबवलं तर ऑपरेशनशिवायही बीपी कोसळू शकतं. उरलेल्या पुड्या तशाच पिशवीत घालून घेऊन जा.

काढ्याचं वेगळं आहे. आलं, तुळस, मिरी घालून घरात उकळलेला कपभर काढा मला फारसा त्रास देत नाही. त्यात ज्येष्ठमध आहे का, एवढं मात्र नक्की पाहा. ज्येष्ठमध रोज आणि बऱ्यापैकी प्रमाणात गेलं तर शरीरातलं पोटॅशियम कमी होतं आणि बीपी वाढतं. बाबांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल (क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाईड ही नेहमीची नावं, पाकिटावर बघा) तर त्यानेही पोटॅशियम उतरतं. दोन्ही मिळून ते इतकं खाली जाऊ शकतं की भुलीत हृदयाचे ठोके बिघडतात. यावर उपाय म्हणजे आधी एक रक्ततपासणी आणि काढ्यातून ज्येष्ठमध वगळणं.

शेजारचे कोणी लसणाच्या कॅप्सूल, अश्वगंधा किंवा गुळवेल देत असतील तर तेही यादीत लिहा. लसणाच्या गोळ्यांनी रक्त गोठायला वेळ लागतो, पाठीतल्या इंजेक्शनच्या दृष्टीने त्या आठवडाभर आधी थांबवलेल्या बऱ्या. भाजीतल्या लसणाला कोणी हात लावत नाही. अश्वगंधेने गुंगी येते आणि ती भुलीच्या औषधांत भर घालते. गुळवेलीबद्दल वाद आहे : कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये लिव्हरला इजा झाल्याची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. माझ्यापुरतं म्हणाल तर ज्यांच्या लिव्हरवर आधीच पंधरा वर्षांच्या दारूचा भार आहे त्यांनी त्या वादाचा निकाल लागेपर्यंत ती घेऊ नये. वनस्पतिजन्य औषधं साधारणपणे दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात. बिनानावाची पुडी हा त्याला अपवाद, कारण वर सांगितलंच.

तुमचं स्वतःचं आता. नाकाच्या ऑपरेशनला पूर्ण भूल असते, घशात नळी असते, आणि रक्तस्राव कमी व्हावा म्हणून सर्जन नाकात अॅड्रिनलिन मिसळलेलं इंजेक्शन देतात. गांजाने नाडी वाढलेली असते, तो ओढल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत हृदयावर सगळ्यात जास्त ताण असतो, आणि त्यावर अॅड्रिनलिन पडलं की ठोके आणखी धावतात. त्यामुळे त्या दिवशी सकाळी "टेन्शन जावं म्हणून" ओढायचा नाही, आणि ओढला असेल तर सांगायचं. तारीख बदलेल, एवढंच. नियमित ओढणाऱ्यांना झोपवायला भुलीचं औषध जास्त लागतं, नंतर वेदनाशामकही जास्त लागतं. आणि धुराने चिडलेली श्वासनलिका नळी काढताना आवळून येऊ शकते. अधूनमधून म्हणजे महिन्यातून एकदा की दर शनिवार-रविवार, हे स्पष्ट सांगा. भांगही यातच धरा.

गांजासोबत दुसरं काही होत असेल, म्हणजे पार्टीत एमडी, खोकल्याचं कोडीनवालं औषध, किंवा झोपेच्या गोळ्या (मालेगावकडे ज्यांना कुत्ता गोळी म्हणतात त्या बहुतेक अल्प्राझोलामच्या), तर ते आधी सांगा. एमडी घेतलेल्या माणसाला ट्रामाडोल देणं जोखमीचं असतं, आणि झोपेच्या गोळ्या एकदम थांबल्या तर दारूसारखीच फिट येते.

पोलिसांचं म्हणाल, तर भूलपूर्व तपासणीत तुम्ही गांजा ओढता असं सांगितलं म्हणून डॉक्टर पोलिसांना फोन करत नाहीत. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतच आहे. बाबांकडे दारूचा परवाना आहे का, हेही आम्ही विचारत नाही, महाराष्ट्रात कायद्याने तो लागत असला तरी.

विम्याबाबत मात्र मी गोड बोलणार नाही. कॅशलेस असेल तर केसपेपर विमा कंपनीकडे जातात आणि त्यात दारूची नोंद दिसते. पॉलिसींमध्ये व्यसनाचे उपचार आणि व्यसनाचे परिणाम वगळलेले असतात. हर्निया हा काही दारूचा परिणाम नाही, त्यामुळे केवळ त्या नोंदीवरून हर्नियाचा दावा नाकारला तर भांडायला जागा आहे. खरी अडचण येते ती पॉलिसी घेताना अर्जात "दारू पीत नाही" लिहिलं असेल तर. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला माहिती लपवल्याचा मुद्दा काढता येत नाही. त्याआधीची असेल तर तुमच्या एजंटशी आत्ताच बोला. पण डॉक्टरांपासून लपवून हा प्रश्न सुटत नाही : वरच्या काकांच्या फाइलमध्ये शेवटी फिट, डेलिरियम आणि आयसीयू असं सगळं लिहिलं गेलंच, आणि त्या खर्चावर कंपनीने बोट ठेवायला भरपूर वाव होता.

मधल्या काळात बाबांचा हर्निया अडकला, म्हणजे फुगवटा आत जाईना, कडक आणि दुखरा झाला, उलट्या सुरू झाल्या, तर दोन आठवड्यांचा हा सगळा बेत बाजूला. त्याच रात्री ऑपरेशन करावं लागेल. कॅज्युअल्टीत पहिल्या पाच मिनिटांत तीन गोष्टी सांगा : शेवटची दारू किती वाजता आणि किती, शेवटचं खाणं कधी, आणि गुडघ्यांची पुडी चालू आहे.